अडतीस लाखांचा सातबारा

पूर्वी वसईत बँकेचं पत्र आलं की कर्ज घेतलेला माणूस घाबरायचा. आता ठेव ठेवलेला माणूसही घाबरतो. बँकिंग तळागाळात पोहोचलं म्हणतात ते हेच असावं.

आमच्या आळीतल्या काकींना परवा असं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून नातवाने वाचून दाखवलं. मथितार्थ असा, की आपल्या ग्राहक-माहितीचा आढावा घेताना खात्यात ३८,००,००० रुपये जमा झाल्याचं आढळलं, त्यांचा स्रोत पुराव्यासह कळवावा, अन्यथा व्यवहार थांबवण्यात येतील. काकींनी ‘स्रोत’ म्हणजे काय ते विचारलं. नातू म्हणाला, ‘पैसे कुठून आले ते विचारतायत.’ काकी म्हणाल्या, ‘कुठून आले म्हंजे? गाडीत घालून तेच तर घेऊन गेलेले मला.’

काकींचं हे बोलणं अक्षरशः खरं आहे. त्यांचं माहेर पूर्वेकडे, पोमणच्या बाजूला. त्या पट्ट्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, मुंबई-वडोदरा महामार्ग जातो, विरार-अलिबाग मार्गिका जाणार आहे, मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग जातो. एवढं सगळं जिथून जातं तिथून शेतकरीही जातो. बुलेट ट्रेनसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली तेव्हा मोबदल्याचे पैसे यायच्या आधी गावात बँका आल्या. ज्या शाखेत काकींना पासबुक भरून मिळायला अर्धा दिवस लागायचा, त्या शाखेचे साहेब ओसरीवर मांडी घालून बसले. मुदत ठेवीचा कागद, भेट म्हणून स्टीलचा डबा, आणि ‘काकी, पैसा सुरक्षित ठिकाणी ठेवा’ हा उपदेश. मग गाडीत घालून काकींना शाखेत नेलं आणि काकींनी पैसा ठेवला. त्या दिवशी स्रोताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ठेवींचं उद्दिष्ट पुरं करायचं असलं की पैसा कुठूनही आलेला चालतो. तो कुठून आला हा प्रश्न दुसऱ्या टेबलाचा, आणि त्या टेबलाला जाग यायला काही वर्षं लागतात.

ती जाग कशी येते ते सांगायला हवं. प्रत्येक खात्याला बँक जोखमीची एक श्रेणी लावते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जास्त जोखमीच्या ग्राहकाची माहिती निदान दोन वर्षांनी, मधल्याची आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्याची दहा वर्षांनी ताजी करायची असते. काकींचं खातं उघडलं तेव्हा फॉर्मवर कुणीतरी लिहिलं होतं: व्यवसाय गृहिणी, वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. म्हणजे कमी जोखीम, दहा वर्षं कटकट नाही. पण बँकेच्या संगणकाला ओसरी, डबा, बुलेट ट्रेन यातलं काहीच दिसत नाही. वर्षाला लाखाच्या आत कमावणाऱ्या बाईच्या खात्यात आधी वीस आणि मग अठरा लाख आले, एवढंच त्याला दिसतं. त्याने इशारा दिला. त्या इशाऱ्याखाली शाखेने तेव्हाच ‘भूसंपादनाचा मोबदला, निवाड्याची प्रत घेतली’ एवढी ओळ लिहून प्रत फाइलला लावली असती तर विषय तिथेच मिटला असता. तसं झालं नाही. डबा देणारे साहेब बदलून गेले आणि ती ओळ त्यांच्याबरोबर गेली.

आढाव्याची आगाऊ सूचना द्यायची असते हेही खरं आहे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तसं स्पष्टच सांगितलं: मुदतीआधी किमान तीन सूचना, मुदत टळल्यावर किमान तीन स्मरणपत्रं, आणि दोन्ही खेपांना निदान एक कागदावरचं पत्र. काकींना आधीचे संदेश गेलेही होते, पण गेले ते थोरल्या मुलाच्या जुन्या मोबाइलवर. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. त्या बिचाऱ्याला आपल्या नावावर अडतीस लाख आहेत असं काही दिवस वाटत असेल.

तर काकी शाखेत गेल्या. मीही गेलो. सदर लिहिणाऱ्या माणसाला शेजारधर्माचा आणि मजकुराचा असा दुहेरी फायदा क्वचितच होतो.

काउंटरपलीकडे एक तरुण साहेब होते. सभ्य, दमलेले, समोर फाइलींचा ढीग. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘काकी, हे पैसे सरकारकडून आलेले दिसत नाहीत. एका माणसाच्या खात्यातून आलेत.’

‘तो माणूस माझा दादा आहे.’

‘भावाने तुम्हाला अडतीस लाख दिले?’

‘हो.’

साहेबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला बँकेच्या भाषेत ‘असामान्य व्यवहार’ म्हणतात. आणि साहेबांचं काय चुकलं? आपल्याकडे जमिनीला भाव आला की भाऊ बहिणीला आधी जेवायला बोलावतो, मग साडी देतो, आणि साडीच्या घडीखालून हक्कसोडपत्र पुढे सरकवतो. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, पण तो वाटा तिच्या खात्यात जमा झाल्याचं दृश्य बँकेच्या संगणकाने फारसं पाहिलेलं नसावं. तीन भाऊ, दोन बहिणी, एकूण मोबदला एक कोटी नव्वद लाख, प्रत्येकी अडतीस. हा सरळ भागाकार आहे. संगणकाला तो संशयास्पद वाटला यात आपल्या समाजाची वागणूक त्याने नीट अभ्यासली आहे एवढंच दिसतं.

साहेबांनी मग आपुलकीने मार्ग सुचवला. ‘काकी, सोपं करू. भावाने बहिणीला बक्षीस दिलं असं लिहून द्या. भावाकडून बहिणीला मिळालेल्या बक्षिसावर कर नसतो. विषय संपला.’

हा सल्ला पुष्कळ शाखांमध्ये चांगल्या मनाने दिला जातो, आणि तो घेऊ नये. भावाच्या बक्षिसावर बहिणीला कर नसतो हे बरोबर आहे. पण काकींनी ‘बक्षीस’ लिहून दिलं की ते पैसे आधी दादांचे होते असं त्यांनी स्वतःच्या सहीने मान्य केलं. निवाड्यात वाटेकरी म्हणून काकींचं नाव, बँकेच्या फाइलीत मात्र बक्षीस घेणारी बहीण. उद्या मिळकतीवरून वाद झाला, किंवा दादांना प्राप्तिकर खात्याने विचारलं की एक कोटी नव्वद लाख सगळे तुमचेच का, की हे दोन कागद एकमेकांसमोर उभे राहतात. स्रोत विचारला की सोयीचं उत्तर द्यायचं नसतं, घडलं ते लिहायचं असतं. काकींना हे समजायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, ‘बक्षीस कसलं? माझ्या बापाचा वाटा हाय तो.’

आता घडलेलं कागदावर दाखवायचं. इथे बँकेला खरं म्हणजे एकच गोष्ट हवी असते: पैसा जिथून निघाला तिथपासून काकींच्या खात्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यावर नाव, रक्कम, तारीख जुळलेली. जमिनीला सातबारा असतो तसा बँकेला पैशाचा सातबारा लागतो.

पहिला कागद निवाड्याचा. भूसंपादन अधिकाऱ्याने जमीन संपादित करताना केलेला हा आदेश. त्यात प्रकल्प, गाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम आणि मुख्य म्हणजे हितसंबंधितांची नावं असतात. साहेबांनी आधी खरेदीखत मागितलं होतं, कारण काकींनी विचारल्यावर ‘जमीन गेली’ म्हणायच्या ऐवजी ‘जमीन विकली’ म्हटलं होतं. सक्तीच्या संपादनात खरेदीखत होत नाही, निवाडा होतो. शेजारच्या गावात ज्यांनी संमतीने थेट खरेदी करून दिली त्यांच्याकडे नोंदणी केलेलं खरेदीखत आहे, निवाडा नाही. आपला कागद कोणता हे माहीत नसलं की नसलेला कागद शोधत माणूस प्रांत कचेरीच्या खेपा घालत बसतो.

दुसरा कागद, बाकीच्या चौघांनी दादांना मोबदला घ्यायचा अधिकार दिल्याचं संमतीपत्र. सगळी रक्कम एकट्या दादांच्या खात्यात का आली याचं उत्तर यात आहे. तिसरा, दादांच्या पासबुकातलं ते पान, जिथे भूसंपादन कचेरीकडून एक कोटी नव्वद लाख जमा दिसतात आणि पुढच्या आठवड्यात काकींच्या नावे वीस आणि अठरा लाख गेलेले दिसतात. पासबुकाच्या ओळीत अर्धंमुर्धं काहीतरी छापलेलं असतं, देव जाणे काय. पण आरटीजीएसच्या प्रत्येक व्यवहाराला बावीस अक्षरांचा क्रमांक असतो. तो दादांच्या बाजूला आणि काकींच्या बाजूला एकच दिसला की बोलायला जागा उरत नाही. यासाठी दादांना स्वतःचं पासबुक बहिणीच्या बँकेला दाखवावं लागलं. वाटा देताना दादा एवढे अवघडले नव्हते.

इथवर सगळं जुळलं आणि मग नाव अडलं. निवाड्यात काकींचं नाव माहेरचं, म्हणजे पुढे वडिलांचं. आधारवर आणि बँकेत सासरचं, म्हणजे पुढे नवऱ्याचं. साहेबांच्या दृष्टीने या दोन बायका झाल्या. एकीची जमीन गेली आणि दुसरीला पैसे मिळाले. विवाह नोंदणीचा दाखला मागितला. काकींचं लग्न मांडवात, चारशे माणसांसमोर झालं, पण त्यातल्या एकानेही दाखला दिला नव्हता. शेवटी वारस फेरफार उपयोगी पडला, कारण वडील गेल्यावर तलाठ्याने नोंद घालताना काकींची दोन्ही नावं लिहिली होती. सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. सरकारी यंत्रणेत तलाठ्याच्या अक्षराला एवढं महत्त्व असेल याची त्या तलाठ्यालाही कल्पना नसावी.

बँक एवढी चौकशी करते त्यामागे काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मोबदल्याच्या मागे दलाल लागतात. शेजारच्या भिवंडी तालुक्यात महामार्गाचा मोबदला बोगस माणसं आणि बोगस कागद उभे करून उचलल्याचे गुन्हे दाखल झाले आहेत. एखाद्या आदिवासी म्हाताऱ्याच्या नावाने खातं उघडायचं, मोबदला त्यात घ्यायचा, आणि म्हाताऱ्याला पन्नास हजार देऊन बाकीचा चेक आधीच सही करून ठेवलेला असतो तो वटवायचा, ही रीत या भागात कुणाला नवी नाही. अशा खात्याचा चेहरामोहरा बाहेरून काकींच्या खात्यासारखाच दिसतो. उत्पन्न लहान, जमा मोठी. फरक पुढच्या हालचालीत असतो. दलालाच्या खात्यातून पैसा दोनचार दिवसांत रोखीने किंवा अनोळखी नावांवर निघून जातो. काकींचा मुदत ठेवीत गेला आणि तिथेच बसून राहिला. हा फरक ओळखायला संगणक लागत नाही, खात्याचा उतारा वाचणारा माणूस लागतो. त्या माणसाचं टेबल बहुधा रिकामं असतं.

काकींनी साहेबांना सरळ विचारलं, ‘माझी तक्रार केली का वर?’ साहेब छताकडे बघू लागले. व्यवहार संशयास्पद वाटला तर बँक दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला अहवाल पाठवते, आणि तो पाठवला की नाही हे ग्राहकाला सांगायला तिला कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे साहेब ‘हो’ म्हणू शकत नाहीत आणि ‘नाही’ही म्हणू शकत नाहीत. सबंध देशात नोकरीचा भाग म्हणून अधिकृतपणे छताकडे बघणारा हा एकच वर्ग असावा. काकींना वाटलं छत गळतंय.

या निमित्ताने आमच्या शहराचा थोडा ताळेबंद मांडावासा वाटतो. मे २०२५ मध्ये नालासोपाऱ्यातल्या ४१ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात ईडीने छापे घातले आणि सुमारे नऊ कोटींची रोकड व तेवीस कोटींचं सोनं आणि दागिने जप्त केल्याचं जाहीर केलं. त्यातला बराचसा ऐवज महापालिकेच्या नगररचना खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याकडे सापडल्याचं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. खरंखोटं न्यायालय ठरवील. मला फक्त एवढंच दिसतं की ती रोकड बँकेत नव्हती, म्हणून तिच्या मालकाला कुठलंही पत्र आलं नाही, कुणी फेरफार मागितला नाही आणि कुणी लग्नाचा दाखला विचारला नाही. केवायसीचा त्रास ज्यांनी पैसा बँकेत ठेवला त्यांनाच होतो.

आणि बँकांबद्दल बोलायचं तर पीएमसी बँक इथले लोक विसरलेले नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला स्वतःच्या पैशातले हजार रुपये काढायची मुभा दिली. ज्या एचडीआयएलला तिने भरमसाट कर्जं दिली, त्या कंपनीच्या इमारती वसई-विरारमध्ये उभ्या आहेत. ती कर्जं लपवायला एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. एकवीस हजार माणसं, जी नव्हतीच, ती कागदावर बिनबोभाट खपून गेली. काकी आहेत, समोर खुर्चीत बसल्या आहेत, तेच त्यांना नडलं.

सगळे कागद दिल्यावर साहेबांनी आणखी यादी काढली. मुलांच्या उत्पन्नाचे दाखले, घराची घरपट्टी, नातवाची फी कोण भरतं. इथे मी तोंड उघडलं. बँकेच्या स्वतःच्या केवायसी धोरणात नसलेली जादा माहिती घ्यायची तर ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तुमच्या धोरणात नातवाची फी कुठल्या पानावर आहे ते दाखवा, असं मी नम्रपणे म्हटलं. साहेब हसले आणि यादी खाली ठेवली. ती यादी त्यांनीही कुठूनतरी छापून आणली होती, वाचली पहिल्यांदाच होती.

एक गोष्ट मात्र साहेबांनी सांगायला हवी होती आणि सांगितली नाही, ती मीच काकींना सांगितली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे निवाड्याच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. पण ठेवीवरच्या व्याजावर ती सूट नाही. सात टक्के धरले तर अडतीस लाखांचं वर्षाचं व्याज २,६६,००० रुपये होतं, आणि खात्याला पॅन जोडलेला नसेल तर त्यातून वीस टक्के, म्हणजे ५३,२०० रुपये बँक कापून घेते. काकींकडे पॅन नव्हता. ओसरीवर बसलेल्या साहेबांनी तेव्हा एक फॉर्म ६० भरून घेतला होता आणि डबा दिला होता. वर्षाला त्रेपन्न हजारांचा पडलेला तो डबा अजून काकींच्या घरी आहे. त्यात त्या पापड ठेवतात.

खातं आता सुरळीत आहे. काकींच्या फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना बदलला, व्यवसायापुढे ‘गृहिणी, व्याजाचं उत्पन्न’ असं आलं, मोबाइलचा नंबर नवा झाला, पॅनचा अर्ज गेला. जोखमीची श्रेणी कोणती लागली ते बँक सांगत नाही.

पट्ट्यातल्या ज्यांचे मोबदले अजून यायचे आहेत त्यांना एवढंच सांगणं. पैसे जमा होतील त्याच आठवड्यात निवाड्याची प्रत, संमतीपत्र आणि एका पानाचं साधं पत्र शाखेत द्या. पत्रात प्रकल्प, गट नंबर, एकूण रक्कम, आपला वाटा आणि व्यवहाराचा क्रमांक लिहा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या आणि ती प्रत सातबाऱ्याबरोबर ठेवा. वाटा भावाच्या खात्यातून येणार असेल तर त्याच्या पासबुकाच्या पानाची नक्कल त्याच दिवशी मागून घ्या, नंतर नाती कशी राहतील सांगता येत नाही. इतकं देऊनही खातं अडवलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवस थांबा, आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.